मोटरच्या शाफ्टवर दाबून बसवलेला गिअर, शाफ्ट न वाकवता कसा काढायचा

थ्रीडी प्रिंटरमध्ये, छोट्या सीएनसी यंत्रात किंवा भंगारातून सोडवलेल्या जुन्या प्रिंटरमध्ये चौकोनी तोंडाची एक स्टेपर मोटर हमखास सापडते. तिला नेमा १७ म्हणतात. तोंड साधारण ४२ मिलिमीटर बाय ४२ मिलिमीटर आणि शाफ्ट ५ मिलिमीटर जाडीचा. स्वस्त यंत्रांमध्ये या शाफ्टवर पितळी गिअर किंवा बेल्टची पुली स्क्रूने न लावता कारखान्यातच प्रेसवर दाबून बसवलेली असते. गिअरचे दात झिजले किंवा वेगळ्या दातांची पुली हवी असली की ती उतरवावी लागते, आणि नवखी माणसं तिथेच मोटर गमावतात. मोटर जळत नाही, पण शाफ्ट केसभर वाकतो आणि मग प्रत्येक फेरीला बेल्ट ताणतो-सैल होतो.

हे लिखाण फक्त या ५ मिलिमीटरच्या शाफ्टबद्दल आहे. मोठ्या मोटरच्या पुलीत चावी असते आणि तिची कामाची पद्धत वेगळी. खेळण्यातल्या २ मिलिमीटर शाफ्टच्या मोटरला मात्र हेच सगळं लागू पडतं, फक्त सगळं आणखी नाजूक.

स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं का नाही

आधी आकडे बघू, कारण एकदा ते कळले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते.

दाबून बसवलेल्या गिअरचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान असतं. समजा ०.०१ मिलिमीटरने लहान आहे, गिअर पितळेचा आहे, बाहेरून १२ मिलिमीटरचा आणि शाफ्टवरची पकड १० मिलिमीटर लांबीची. हिशोब केला तर असा गिअर सरळ ओढून काढायला साधारण २०० किलोचा जोर लागतो. पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे त्यावर हा आकडा खाली-वर होईल, पण शेकड्यातच राहील.

आता गिअरच्या खाली एका बाजूने स्क्रू-ड्रायव्हर घालून वर उचकटलं, तर हा जोर शाफ्टच्या मधोमध लागत नाही. तो गिअरच्या कडेला, म्हणजे मध्यापासून ६ मिलिमीटर बाजूला लागतो. कडेला लागलेला जोर शाफ्टला वाकवू बघतो. साध्या पोलादाचा ५ मिलिमीटर शाफ्ट अशा जोराखाली ६० किलोच्या आसपासच कायमचा वाकायला लागतो. गिअर हलायला २०० आणि शाफ्ट वाकायला ६०. म्हणजे गिअर हलायच्या आधी शाफ्ट वाकणार हे ठरलेलंच आहे, हात कितीही सराईत असो. दोन्ही बाजूंनी दोन स्क्रू-ड्रायव्हर घातले तर थोडं बरं, पण दोन्ही हातांचा जोर अगदी सारखा कधीच पडत नाही. शिवाय त्यांचा टेकू मोटरच्या ॲल्युमिनियमच्या तोंडावर आणि बेअरिंगच्या पातळ पत्र्यावर येतो, तो वेगळाच.

तिसरा आकडा बेअरिंगचा. या मोटरच्या बऱ्याच डेटाशीटमध्ये शाफ्टवर त्याच्या लांबीच्या दिशेने फक्त १० न्यूटन, म्हणजे साधारण १ किलो जोर चालेल असं लिहिलेलं असतं. तो चालत्या मोटरसाठीचा सुरक्षित आकडा आहे, तेवढ्याने बेअरिंग लगेच तुटत नाही. तरी १ किलो आणि २०० किलो यांतलं अंतर लक्षात घ्या. मोटर शिकंज्यात धरून शाफ्टच्या टोकावर हातोडी मारली, तर तो सगळा धक्का बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांचे खड्डे त्यांच्या वाटेवर उमटतात.

म्हणून या कामाचा एकच नियम आहे. गिअर ओढणारा जोर आणि शाफ्ट ढकलणारा जोर एकाच रेषेत, समोरासमोर असायला हवेत आणि ते एकमेकांवरच संपायला हवेत. मोटरच्या तोंडावर, बेअरिंगवर, शिकंज्यावर त्यातला काहीही पोहोचता कामा नये. हे काम पुलर करतो. त्याचे पाय किंवा पट्टी गिअरला खालून धरते, मधला बोल्ट शाफ्टच्या टोकाला दाबतो, आणि मोटर बिचारी मध्ये नुसती लटकलेली असते.

हत्यार कोणतं घ्यायचं

रेडिओ कंट्रोल गाड्यांच्या मोटरसाठी छोटे पिनियन पुलर मिळतात. त्यातले बरेचसे २ ते ३ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी असतात, त्यामुळे घेताना ५ मिलिमीटरच्या शाफ्टला खाच पुरते का आणि १२ मिलिमीटरचा गिअर आत मावतो का ते विचारून घ्या. गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल किंवा वायपरचा दांडा काढायचा छोटा पुलरही चालतो, पण त्याच्या पायांच्या चोची जाड असतात. गिअर आणि मोटरच्या तोंडामध्ये दोन-तीन मिलिमीटरचीच फट असते, तिथे त्या शिरत नाहीत. चोची ग्राइंडरवर घासून पातळ कराव्या लागतात. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर मोटर सोबत घेऊन जा आणि दुकानातच पाय फटीत घालून बघा.

दोन पायांच्या पुलरपेक्षा तीन पायांचा बरा. दोन पायांचा एक पाय जरा सटकला की जोर लगेच एका बाजूला जातो, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचीच गत. दोनच पायांचा असेल तर पायांभोवती पाण्याच्या पाइपचा होज क्लॅम्प आवळून घ्या, म्हणजे पाय बाहेर फाकत नाहीत.

स्वतः बनवायचा असेल तर दोन पट्ट्या लागतात. खालची पट्टी फटीत जाईल इतकी पातळ, साधारण २ मिलिमीटर, आणि तिला कडेपासून मध्यापर्यंत साडेपाच मिलिमीटर रुंदीची खाच. वरची पट्टी ८ मिलिमीटर जाड, तिच्या मधोमध एम६ चे आटे पाडलेले. दोन्ही पट्ट्या दोन बोल्टने जोडायच्या. यात बहुतेक जण ते दोन बोल्ट लांब-लांब ठेवतात आणि मग खालची पट्टी कमानीसारखी वाकते. बोल्ट गिअरच्या कडेला जवळजवळ खेटून ठेवा, म्हणजे पातळ पट्टीवर वाकवणारा जोर कमी येतो. बोल्टची डोकी खालच्या बाजूला पट्टीत बुडवलेली हवीत, नाहीतर ती मोटरच्या तोंडाला लागतील. पट्टी साध्या पत्र्याची नको, जीपच्या पाट्यासारख्या कडक पोलादाची असेल तर उत्तम.

मधल्या बोल्टबद्दल जरा जास्त सांगतो. एम६ चा बोल्ट ६ मिलिमीटरचा आणि गिअरचं भोक ५ मिलिमीटरचं. शाफ्टचं टोक गिअरच्या बाहेर आलेलं असेल तोवर ठीक, पण गिअर वर सरकत गेला की टोक आत जातं आणि बोल्ट गिअरलाच टेकतो. त्यामुळे मध्ये ४ मिलिमीटरची कडक पिन लागते. डॉवेल पिन मिळाली तर तीच घ्या, नाहीतर मोडलेल्या ४ मिलिमीटर ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत दांड्याचा तुकडा कापून घ्या. खिळा वापरू नका. तो मऊ असतो, दाबाखाली त्याचं डोकं फुलतं, आणि तो भोकात अडकला की गिअर आणि खिळा दोन्ही काढत बसावं लागतं. पिन आणि बोल्टच्या मध्ये बेअरिंगमधली एक छोटी गोळी ठेवून वर ग्रीस लावलं, तर बोल्ट फिरताना शाफ्टला पीळ बसत नाही आणि जोरही मधोमध राहतो. बोल्टच्या टोकाला गोळी बसेल एवढा खळगा ड्रिलने आधीच पाडून घ्या.

आधी खात्री करा की तो खरंच दाबून बसवलेला आहे

मोटरची वायर बोर्डापासून सोडवा. स्टेपर मोटर हाताने जोरात फिरवली की तीच वीज तयार करते आणि ती ड्रायव्हरच्या चिपमध्ये जाते, म्हणून नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.

मग गिअर पेट्रोलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि टॉर्चच्या उजेडात हळूहळू फिरवत सगळीकडून बघा. गिअरच्या मानेवर ग्रब स्क्रूचं, म्हणजे गिअर शाफ्टवर आवळणाऱ्या बिनडोक्याच्या बारीक स्क्रूचं, भोक असू शकतं आणि त्यात ग्रीस, धूळ आणि प्लॅस्टिकचा चुरा बसून ते सपाट दिसतं. सुई फिरवून बघा. एम३ च्या ग्रब स्क्रूला दीड मिलिमीटरची ॲलन की लागते. एक स्क्रू सापडला तर तिथेच थांबू नका, ९० अंशांवर बहुधा दुसरा असतो. आतला स्क्रू तसाच ठेवून पुलर लावला तर शाफ्टवर लांबलचक ओरखडा पडतो.

शाफ्ट आणि गिअरच्या सांध्यात हिरवट, काचेसारखी रेघ दिसली तर तिथे रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे असे सांधे पक्के धरणारा डिंक, लावलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याला उष्णता लागेल, ते पुढे येतं.

बेल्टची पुली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. दातांच्या दोन्ही बाजूंना ज्या पातळ चकत्या असतात, त्या काही पुल्यांमध्ये वेगळ्या बनवून वरून दाबलेल्या असतात. अशा चकतीला पुलर लावला तर चकती तेवढी निघून येते आणि पुली जागेवरच राहते. पट्टी शक्य तितकी शाफ्टला खेटून, पुलीच्या मुख्य अंगाखाली जायला हवी.

काढायच्या आधी दोन मापं घ्या. मोटरच्या तोंडापासून गिअरच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर आणि शाफ्टचं टोक गिअरच्या किती वर आहे ते. नवा गिअर त्याच उंचीवर बसवायचा असतो. शाफ्ट आत्ता किती सरळ आहे तेही तपासून ठेवा. मोटर टेबलावर टेकवा, शाफ्टच्या टोकाजवळ एक बारीक पेन्सिल केसभर अंतरावर घट्ट धरा आणि शाफ्ट फिरवा. फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. मोटर आधीपासूनच वाकलेली असेल, तर ते काम झाल्यावर नव्हे, आत्ता कळलेलं चांगलं.

आता ओढायचं

समजा आपल्यापुढे प्रिंटरच्या एक्स्ट्रूडरचा पितळी गिअर आहे. बाहेरून १२ मिलिमीटर, उंची ११, खाली फट अडीच मिलिमीटर, आणि शाफ्ट वरून १ मिलिमीटर बाहेर आलेला.

१. खाचेची पट्टी बाजूने सरकवा, शाफ्ट खाचेच्या तळाला टेकेपर्यंत. पट्टीच्या खाली, मोटरच्या तोंडावर कागदाची एक पट्टी घाला. हा कागद शेवटपर्यंत मोकळा सरकला पाहिजे. तो अडकला म्हणजे पट्टी मोटरवर टेकली आणि जोर भलतीकडे जातोय.

२. पिन शाफ्टच्या टोकावर उभी करा, वर गोळी, वर बोल्ट. हाताने फिरवून फक्त सैलपणा काढा. आता पुलर समोरून आणि मग ९० अंश फिरवून बाजूने डोळ्याच्या उंचीवर बघा. बोल्ट आणि शाफ्ट दोन्हीकडून एका रेषेत दिसले पाहिजेत. इथे घाई करू नका. पहिल्या पाव फेरीत पुलर जसा बसतो तसाच तो शेवटपर्यंत राहतो.

३. पुलरचं अंग शिकंज्यात धरा, मोटर नाही. मोटर खाली मोकळी लोंबकळू द्या, फक्त हाताचा आधार ठेवा. मोटर पकडून ठेवली की ती पुलरशी रेषेत राहायला नकार देते आणि शाफ्टवर आडवा ताण येतो.

४. १० च्या पान्याने बोल्ट पाव फेरी फिरवा आणि थांबा. कागद मोकळा आहे का, गिअर तिरका होतोय का, पट्टी कमान करतेय का, हे बघा. मग पुढची पाव फेरी. बारा सेंटिमीटरच्या पान्यावर अडीच-तीन किलोचा जोर लावला की एम६ चा बोल्ट साधारण त्या २०० किलोपर्यंत पोहोचतो. म्हणजे मनगटाचाच जोर, खांद्याचा नाही. खांदा लावावासा वाटला तर काहीतरी चुकतंय.

बहुतेक वेळा एक कोरडा ‘टक्’ आवाज येतो आणि पाना एकदम हलका होतो. घाबरू नका, पकड सुटल्याचा तो आवाज आहे. तो शाफ्ट मोडल्याचा नाही. पुढे बोल्ट एकसारख्या जोराने फिरत राहील आणि गिअर फेरीला १ मिलिमीटर या हिशोबाने वर येईल, कारण एम६ च्या आट्यांची चाल तेवढीच असते. ‘टक्’ न येता पाना हलका झाला, तर मात्र लगेच थांबा. एक तर पट्टी वाकली किंवा चकती सुटली.

शेवटच्या दोन मिलिमीटरला मोटरखाली हात ठेवा. गिअर निसटला की मोटर सरळ खाली पडते.

हलतच नसेल तर

पान्यावर नेहमीचा जोर लावूनही काही हालचाल नसेल तर जोर वाढवू नका, उष्णता द्या. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं. १०० अंशांनी तापवल्यावर ५ मिलिमीटरचं पितळी भोक जवळपास ०.०१ मिलिमीटरने मोठं होतं. आपल्या उदाहरणातली पकडही तेवढीच होती. पण शाफ्टही तेवढाच तापला तर तोही फुगतो आणि फायदा निम्म्याहून खाली येतो. त्यामुळे फक्त गिअर तापवायचा, तोही पटकन, आणि तो गरम असतानाच ओढायचा. पुलर आधी लावून, ताण देऊन ठेवा. मग ६० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं रुंद टोक, थोडं सोल्डर लावून, गिअरच्या बाजूला एक-दोन मिनिटं टेकवा आणि लगेच पाव फेरी द्या. मोटरच्या तोंडावर ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं ठेवा. मोटरचं अंग हाताला चटका देऊ लागलं तर थांबून गार होऊ द्या. आतलं चुंबक, बेअरिंगचं ग्रीस आणि वाइंडिंगवरचं इन्शुलेशन, तिघांनाही जास्त ताप सोसत नाही. गॅसची टॉर्च या कामात नको.

हिरवं कंपाउंड असेल तर गिअर आणखी तापवावा लागतो. काही कंपाउंडना पूर्ण सोडायला २५० अंशांच्या आसपास ताप लागतो. तिथे सोल्डरिंग आयर्न थेट गिअरवर आणि ओलं फडकं मोटरवर, हेच जरा जास्त वेळ चालवायचं. पोलादी गिअर आणि पोलादी शाफ्ट सारखेच फुगत असल्याने तिथे उष्णतेचा उपयोग फारच थोडा, फक्त गिअर तापून शाफ्ट गार असलेल्या त्या काही सेकंदांपुरता.

गंजरोधक तेलाबद्दल माझं मत फार चांगलं नाही. गंज लागलेल्या सांध्यात ते शिरतं, पण स्वच्छ दाबलेल्या सांध्यात त्याला जायला जागाच नसते. शिवाय ते खाली ओघळून बेअरिंगमध्ये जातं आणि तिथलं ग्रीस धुऊन टाकतं. गंज दिसत असेल तरच एक थेंब, शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला, मोटर आडवी ठेवून.

आणि तरीही निघाला नाही, तर गिअरचा बळी द्या. गिअर काहीशे रुपयांच्या आतला, मोटर त्याहून महाग. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने गिअरला छोट्या रोटरी कटरने किंवा पातळ करवतीने चीर पाडत जा आणि शाफ्टपासून साधारण अर्धा मिलिमीटर राहिला की थांबा. त्या चिरेत सपाट स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळला की उरलेलं पितळ फाटतं आणि गिअर हाताने निघतो. इथे जोर चिरेच्या दोन भिंतींवर पडतो, शाफ्टवर नाही, म्हणून ही पद्धत सुरक्षित. मात्र आधी बेअरिंगवर आणि तोंडावर मास्किंग टेप नीट चिकटवा. पितळेचा चुरा पुसता येतो, पण गिअर पोलादी असेल तर त्याचा चुरा मोटरच्या चुंबकाकडे धावतो. रोटर आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांमध्ये मोजतात, तिथे एक कणही खरवडत राहतो. या फटीच्या आणि चुंबकाच्या कारणानेच मोटर उघडून रोटर बाहेर काढायचा मोह टाळा. रोटर बाहेर काढून पुन्हा घातला की अशा मोटरची ताकद कायमची घटते.

निघाल्यावर

शाफ्टच्या टोकाला पिनच्या दाबाने बारीक कड उठलेली असते. ती बारीक दगडाने किंवा ८०० च्या वॉटर पेपरने घासून काढा, नाहीतर नवा गिअर शिरणार नाही.

मग पेन्सिलची परीक्षा पुन्हा. डायल गेज असेल तर शाफ्टच्या टोकाजवळ लावा. ०.०२-०.०३ मिलिमीटरचा डोल असेल तर काम उत्तम झालं. ०.०५ च्या वर गेला तर बेल्टच्या कामाला मोटर चालवू नका. वाकलेला शाफ्ट हाताने सरळ करणाऱ्यांच्या भानगडीत पडू नका, तो बेअरिंगसकट आणखी बिघडतो.

वायर सुट्या ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवा. चुंबकामुळे एकसारखे बारीक गचके जाणवतील, ते असायलाच हवेत. पण त्यांच्या मधे वाळूसारखी खरखर किंवा एकाच जागी जड लागणं म्हणजे बेअरिंगला मार बसला. शाफ्ट आत-बाहेर दाबून बघितला तर किंचित स्प्रिंगसारखं लवचिक वाटेल. आत वेव्ह वॉशर असतो, त्यामुळे ते ठीक आहे.

नवा गिअर पुन्हा दाबून बसवायच्या फंदात पडू नका. या मोटरचा शाफ्ट बहुतेक वेळा मागून बाहेर आलेला नसतो, त्यामुळे दाबताना त्याला मागून आधार देता येत नाही आणि सगळा दाब बेअरिंगवर जातो. ५ मिलिमीटर भोकाचा, दोन ग्रब स्क्रूचा गिअर किंवा पुली घ्या. तो हाताने सरकून बसतो. शाफ्ट गोल असेल तर एका स्क्रूसाठी बारीक कानशीने अर्धा मिलिमीटर खोल सपाट जागा करा, अर्थात बेअरिंगवर टेप लावून. आधी मोजलेल्या उंचीवर गिअर ठेवा, त्या सपाट जागेवरचा स्क्रू आधी आवळा, दुसरा नंतर, आणि दोन्हींना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर एक-एक थेंब लावा.